वीस तासांची पौर्णिमा, सव्वीस तासांची अमावास्या

शके 1946 च्या आश्विन महिन्याचे पान पंचांगातून काढून पाहावे. इंग्रजी सन 2024, महिना ऑक्टोबर. त्या वर्षीची कोजागरी पौर्णिमा 16 ऑक्टोबरच्या रात्री 8 वाजून 40 मिनिटांनी लागली आणि 17 ऑक्टोबरला दुपारी 4 वाजून 55 मिनिटांनी संपली. म्हणजे ती जेमतेम सव्वावीस तास टिकली. त्याच महिन्याची अमावास्या 31 ऑक्टोबरला दुपारी 3 वाजून 52 मिनिटांनी लागली आणि 1 नोव्हेंबरच्या संध्याकाळी 6 वाजून 16 मिनिटांपर्यंत राहिली. हे झाले 26 तास 24 मिनिटे. एकाच महिन्यातल्या, दोन आठवड्यांच्या अंतरावरच्या या दोन तिथींत सहा तासांहून अधिक फरक आहे. शिवाय त्यांच्या मधल्या कृष्ण पक्षात चतुर्थीचा क्षय झाला आणि एकादशीची वृद्धी झाली. तिथी म्हणजे काय आणि ती लहानमोठी का होते, हे समजून घ्यायला याहून सोयीचा महिना मिळणे कठीण. म्हणून या प्रकरणात आपण हाच महिना धरून चालणार आहोत.

तिथी म्हणजे बारा अंश

पृथ्वीवरून पाहताना सूर्य आणि चंद्र दोघेही नक्षत्रांमधून पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकताना दिसतात. सूर्य दिवसाला सुमारे एक अंश सरकतो, चंद्र सरासरी तेरा अंशांहून थोडा अधिक. घड्याळाचा मिनिटकाटा जसा तासकाट्याला गाठतो, त्याच्यापुढे निघून जातो आणि पुन्हा एक फेरा घालून गाठतो, तसाच चंद्र सूर्याला गाठत असतो. एका गाठीपासून पुढच्या गाठीपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस लागतात आणि तोच आपला चांद्रमास.

चंद्र सूर्याच्या किती पुढे गेला आहे हे अंशांत मोजले, की महिन्याभरात ते अंतर शून्यापासून 360 अंशांपर्यंत वाढते. या 360 अंशांचे तीस सारखे भाग केले तर प्रत्येक भाग बारा अंशांचा होतो. चंद्राला सूर्यापासून आणखी बारा अंश दूर जायला जितका वेळ लागतो, तितकी एक तिथी. अंतर शून्य ते बारा अंश असताना शुक्ल प्रतिपदा, बारा ते चोवीस असताना द्वितीया, असे मोजत 168 ते 180 अंशांत पौर्णिमा येते. तिथून कृष्ण पक्ष सुरू होतो आणि 348 ते 360 अंशांत अमावास्या. तिथीचा निम्मा भाग, म्हणजे सहा अंश, हे एक करण.

तिथी हे मुळात अंतराचे माप आहे, वेळेचे नव्हे. बारा अंश हा आकडा कधीच बदलत नाही. बदलतो तो ते बारा अंश कापायला लागणारा वेळ. पंचांगात तिथीपुढे छापलेली वेळ त्या तिथीच्या समाप्तीची, म्हणजे त्या तिथीचे बारा अंश पुरे होण्याची असते.

तिथी आणि चंद्राची कला

चंद्राचा किती भाग उजळलेला दिसतो, हे त्याच्या सूर्यापासूनच्या याच अंतरावर अवलंबून असते. त्यामुळे तिथी आणि कला यांची सांगड पक्की आहे. शुक्ल प्रतिपदा संपते तेव्हा चंद्रबिंबाचा जेमतेम एक टक्का भाग उजळलेला असतो आणि चंद्र सूर्याच्या इतका जवळ असतो की संधिप्रकाशात तो सहसा दिसत नाही. द्वितीया संपताना उजळ भाग चार टक्क्यांपर्यंत जातो. पश्चिमेला सूर्यास्तानंतर दिसणारी बीजेची कोर ती हीच.

अर्धा चंद्र दिसतो तेव्हा अंतर नेमके 90 अंश असते. हे 90 अंश अष्टमीच्या सुरुवातीला येत नाहीत आणि शेवटालाही येत नाहीत. शुक्ल अष्टमी 84 पासून 96 अंशांपर्यंत असते, म्हणून अर्धचंद्र तिच्या बरोबर मध्यावर येतो. कृष्ण पक्षातही तसेच. आपल्या महिन्यातली वद्य अष्टमी 24 ऑक्टोबरला पहाटे 1 वाजून 18 मिनिटांनी लागली आणि 25 ला पहाटे 1 वाजून 58 मिनिटांनी संपली. तिचा मध्य येतो 24 तारखेच्या दुपारी दीडच्या पुढे. खगोलशास्त्राच्या कोष्टकांत त्या दिवशीच्या अर्धचंद्राची वेळही दुपारी दीडच्या सुमाराचीच आहे.

पौर्णिमेच्या बाबतीत पुष्कळांचा गोंधळ होतो. पौर्णिमा ही तिथी 168 अंशांना सुरू होते आणि 180 अंशांना संपते. चंद्र खरा पूर्ण होतो तो 180 अंशांना, म्हणजे पौर्णिमा संपण्याच्या क्षणी. अमावास्येचेही तेच: चंद्रसूर्याची युती अमावास्येच्या शेवटच्या क्षणी होते. 2024 ची कोजागरी 16 ऑक्टोबरच्या रात्री साजरी झाली, कारण मध्यरात्रीला पौर्णिमा त्याच रात्री होती. त्या मध्यरात्री अंतर सुमारे 170 अंश होते आणि बिंबाचा 99 टक्क्यांहून थोडा अधिक भाग उजळलेला होता. दुसऱ्या रात्री नऊ वाजता तिथी वद्य प्रतिपदा होती, तरी पूर्णत्वाचा क्षण उलटून चारच तास झाले होते. त्यामुळे चंद्र आदल्या रात्रीपेक्षाही अधिक गोल होता. डोळ्यांना हा फरक कळत नाही, पण पंचांगातली पौर्णिमा आणि आकाशातला पूर्णचंद्र यांचे नाते यातून स्पष्ट होते.

चंद्राची गती का बदलते

चांद्रमासाचे साडेएकोणतीस दिवस तीस तिथींत वाटले तर एका तिथीच्या वाट्याला सरासरी 23 तास 37 मिनिटे येतात. चंद्र एकाच वेगाने चालला असता तर प्रत्येक तिथी इतकीच असती. पण त्याची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि पृथ्वी तिच्या मध्यापासून थोडी एका बाजूला आहे. चंद्र पृथ्वीच्या जवळ येतो तेव्हा वेगाने धावतो, दूर जातो तेव्हा मंदावतो. जवळच्या बिंदूला उपभू म्हणतात, दूरच्या बिंदूला अपभू. आपल्या जुन्या ग्रंथांत या दूरच्या बिंदूला मंदोच्च असे नाव आहे.

आता आपला महिना पुन्हा पाहू. 17 ऑक्टोबर 2024 रोजी सकाळी चंद्र उपभूपाशी होता, पृथ्वीपासून सुमारे 3 लाख 57 हजार किलोमीटरवर. पौर्णिमाही त्याच दिवशी संपली. 30 ऑक्टोबरला पहाटे तो अपभूपाशी पोचला, सुमारे 4 लाख 6 हजार किलोमीटरवर, आणि दोन दिवसांत अमावास्या आली. पौर्णिमेला चंद्र सूर्यापासून दिवसाला सव्वाचौदा अंशांच्या गतीने दूर जात होता, म्हणून बारा अंश सव्वावीस तासांत संपले. अमावास्येला ही गती दिवसाला अकरा अंशांहूनही थोडी कमी होती, म्हणून तेवढ्याच बारा अंशांना सव्वीस तासांच्या वर लागले. दोन अंतरांत फरक साधारण चौदा टक्क्यांचा असला, तरी कोनीय गती अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. त्यामुळे गतीतला फरक तीस टक्क्यांच्या घरात जातो, आणि दोन तिथींच्या लांबीतही तेवढाच फरक दिसतो.

सूर्याची गतीही वर्षभर सारखी नसते. जानेवारीच्या सुरुवातीला तो दिवसाला 61 कला सरकतो, जुलैच्या सुरुवातीला 57 कला. पण या चार कलांचा परिणाम एका तिथीवर फार तर आठेक मिनिटांचा. तिथी लहानमोठी करणारा मुख्य घटक चंद्रच.

मग प्रत्येक पौर्णिमा लहान आणि प्रत्येक अमावास्या मोठी असते का? नाही. चंद्र उपभूपासून पुन्हा उपभूशी साडेसत्तावीस दिवसांत येतो, तर पौर्णिमेपासून पौर्णिमेपर्यंत साडेएकोणतीस दिवस लागतात. दर महिन्याला उपभू दोन तिथी मागे सरकतो. पौर्णिमेजवळून निघालेला उपभू सुमारे सात महिन्यांनी अमावास्येजवळ येतो आणि चौदा महिन्यांनी परत पौर्णिमेजवळ. ऑक्टोबर 2024 नंतर सात महिन्यांनी, मे 2025 मध्ये, चित्र बरोबर उलटे झाले होते. वैशाखी पौर्णिमा 11 मे रोजी रात्री 8 वाजून 1 मिनिटाला लागून 12 मे रोजी रात्री 10 वाजून 25 मिनिटांनी संपली: 26 तास 24 मिनिटे. त्याच महिन्याची अमावास्या 26 मे रोजी दुपारी 12 वाजून 11 मिनिटांनी लागून दुसऱ्या दिवशी सकाळी 8 वाजून 31 मिनिटांनी संपली: 20 तास 20 मिनिटे.

क्षय आणि वृद्धी

तिथी रात्री, दुपारी, कधीही बदलते, पण व्यवहाराला दिवसाला एकच नाव हवे. म्हणून पंचांगाचा नियम असा की सूर्योदयाला जी तिथी चालू असेल, ती त्या दिवसाची. क्षय आणि वृद्धी या नियमातून निर्माण होतात.

20 ऑक्टोबर 2024 ला मुंबईत सूर्योदय सकाळी 6 वाजून 34 मिनिटांनी झाला. त्या वेळी तृतीया चालू होती, ती 6 वाजून 46 मिनिटांनी संपली. चतुर्थी तेव्हा सुरू झाली आणि पुढच्या पहाटे 4 वाजून 16 मिनिटांनी संपलीही. 21 तारखेच्या सूर्योदयाला पंचमी लागून दोन तासांहून अधिक वेळ झाला होता. साडेएकवीस तासांची ही चतुर्थी दोन सूर्योदयांच्या मध्ये आली आणि तिला एकही सूर्योदय मिळाला नाही. म्हणून ती क्षयतिथी. तिचा क्षय झाला म्हणजे ती आकाशातून नाहीशी झाली असे नाही. 20 तारखेच्या रात्री चंद्रोदयाला चतुर्थीच होती आणि संकष्टीचा उपास त्याच दिवशी झाला.

आठवड्याभरात याच्या उलट घडले. एकादशी 27 ऑक्टोबरला पहाटे 5 वाजून 23 मिनिटांनी लागली आणि 28 ला सकाळी 7 वाजून 50 मिनिटांनी संपली. साडेसव्वीस तासांच्या या एकादशीला 27 चा सूर्योदय मिळाला आणि 28 चाही. ती वृद्धितिथी. एक तिथी गळाली आणि एक दुणावली, त्यामुळे तो पक्ष बरोबर पंधरा दिवसांचा झाला. वर्षभराचा हिशेब केला तर 360 तिथी 354 दिवसांत बसवाव्या लागतात, म्हणून क्षयतिथी वृद्धितिथींपेक्षा पाच-सहांनी जास्त येतात.

तिथी संपण्याचा क्षण साऱ्या जगाला एकच असतो. सूर्योदय मात्र गावागणिक वेगळा. द्वारकेला 20 ऑक्टोबरचा सूर्योदय 6 वाजून 52 मिनिटांनी झाला, म्हणजे तृतीया संपल्यानंतर सहा मिनिटांनी. तिथे 20 तारखेला चतुर्थी आली आणि क्षय झाला तो तृतीयेचा. न्यू जर्सीतल्या मराठी घरात तर हीच चतुर्थी 19 तारखेच्या रात्री सव्वानऊला लागली आणि 20 तारखेचा सूर्योदय पाहूनच संपली. तिथे तिचा क्षय झालाच नाही. परदेशात राहणाऱ्यांचे मुंबई-पुण्याच्या वेळांतून नुसते घड्याळी तास वजा करून भागत नाही. त्या गावचा सूर्योदय धरून तिथी पुन्हा ठरवावी लागते, ती यासाठी.

जुने सूत्र आणि नवे सूत्र

पंचांगकर्त्यांमध्ये तिथीच्या लांबीबद्दल दोन सूत्रे चालत आली आहेत. एक, बाणवृद्धि रसक्षय. बाण म्हणजे पाच, रस म्हणजे सहा. साठ घटकांच्या मापाने तिथी पाच घटका वाढू शकते, म्हणजे 65 घटकांपर्यंत जाते, आणि सहा घटका घटू शकते, म्हणजे 54 पर्यंत येते. दुसरे, सप्तवृद्धि दशक्षय. त्यानुसार तिथी 67 घटकांपर्यंत वाढते आणि 50 पर्यंत घटते. एक घटका 24 मिनिटांची. आपली आश्विन पौर्णिमा 50 घटका 37 पळांची होते आणि अमावास्या 66 घटकांची. दोन्ही तिथी पहिल्या सूत्राच्या बाहेर पडतात आणि दुसऱ्यात बसतात.

पहिले सूत्र चुकीच्या गणिताचे नाही, अपुऱ्या गणिताचे आहे. महाराष्ट्रात शतकानुशतके पंचांगे ज्या ग्रंथावरून झाली तो ग्रहलाघव कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके 1442 मध्ये, म्हणजे इ.स. 1520 मध्ये रचला. ज्या-कोज्यांची किचकट कोष्टके न वापरता ग्रहगणित करण्याची सोय त्यांनी केली आणि तिथींसाठी तिथिचिंतामणी हा वेगळा ग्रंथ लिहिला. जुन्या सिद्धांतांप्रमाणे त्यांच्याही गणितात चंद्र त्याच्या सरासरी जागेपासून जास्तीत जास्त सुमारे पाच अंश पुढेमागे होतो. या पाच अंशांवरून तिथीची लांबी काढली तर ती 54 ते 65 घटकाच येते.

प्रत्यक्षात कक्षेच्या लंबवर्तुळामुळे चंद्र सव्वासहा अंशांपर्यंत पुढेमागे होतो. त्यावर सूर्याच्या ओढीमुळे सव्वा अंशाची आणखी एक दुरुस्ती येते. अमावास्या-पौर्णिमेला ही दुसरी दुरुस्ती पहिलीच्या विरुद्ध दिशेने असते आणि दोन्हींची वजाबाकी होऊन पाचच अंश उरतात. अष्टमीच्या आसपास त्यांची बेरीज होऊन साडेसात होतात. प्राचीन ज्योतिषांनी आपले आकडे ग्रहणांवरून तपासले, आणि ग्रहणे अमावास्या-पौर्णिमेलाच होतात. तिथे त्यांना पाच अंश दिसले, आणि ते बरोबरच होते. दहाव्या शतकातल्या मुंजालाने या दुसऱ्या दुरुस्तीसारखा संस्कार सांगितला होता, पण तो पंचांगाच्या रोजच्या गणितात रुळला नाही.

याचा परिणाम असा होतो: जुन्या पद्धतीने काढलेल्या पौर्णिमा-अमावास्येच्या समाप्तीच्या वेळा तत्त्वतः खऱ्या वेळांजवळ राहतात आणि ग्रहणेही जमतात. अष्टमीच्या सुमाराला मात्र चंद्राची जागा अडीच अंशांपर्यंत चुकते, आणि तिथी संपण्याची वेळ पाच तासांपर्यंत पुढेमागे होऊ शकते. पौर्णिमेची लांबीही फसते: जुन्या सूत्रातली लहानात लहान पौर्णिमा 54 घटकांची, तर 2024 ची कोजागरी त्याहून सव्वा तासाने लहान होती.

महाराष्ट्रात ही तफावत भरून काढण्याचे काम एकोणिसाव्या शतकात सुरू झाले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी 1860 मध्ये ग्रहसाधनाची कोष्टके प्रसिद्ध केली आणि त्यांच्या आधारे 1865 पासून पटवर्धनी पंचांग निघू लागले. शंकर बाळकृष्ण दीक्षित, व्यंकटेश बापूजी केतकर आणि लोकमान्य टिळक यांनी हा वाद आणि हे गणित दोन्ही पुढे नेले. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारे गणित पायाभूत मानले आणि 1957 पासून राष्ट्रीय पंचांग त्यानुसार निघते. महाराष्ट्रात आज घरोघरी असणारी बहुतेक पंचांगे आणि दिनदर्शिका याच दृक् गणिताच्या आहेत.

आपल्याकडचे पंचांग कोणत्या पद्धतीचे आहे हे वाचकाला स्वतः तपासता येते. सलग दोन-तीन महिन्यांच्या तिथींच्या समाप्तीच्या वेळा लिहून काढाव्यात आणि प्रत्येक वेळेतून आधीची वजा करावी. एखादी तिथी एकवीस तासांहून लहान किंवा सव्वासव्वीस तासांहून मोठी सापडली, तर ते पंचांग दृक् गणिताचे. वर्षभर शोधूनही अशी एकही तिथी सापडली नाही, तर ते अजून जुन्या पाच अंशांवर चालले आहे असे खुशाल समजावे.